आधी घरी एक हंडा भरून या

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच. कोणत्या भागाला कधी सोडायचं हे चावीवाल्याला ठाऊक असतं, म्हणजे रस्त्याखालच्या पाइपांचे वाल फिरवणाऱ्या माणसाला. बाकीच्यांना नळ फुसफुसला की कळतं. तोवर निम्मं गाव कामावर गेलेलं असतं आणि निम्मं आंघोळ करून चुकलेलं असतं.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. तीन वर्षांपूर्वी डोक्यावर साबण असताना नळ गेला, त्या रागात मी एक छोटी साइट लिहिली. भागाचं नाव टाकलं की पुढचं पाणी कधी ते दिसतं, आणि फोन नोंदवला तर मेसेज येतो. कोड आणि वेळापत्रकाची फाइल, दोन्ही सगळ्यांना खुली. कोणीही ती आपल्याकडे उतरवून घ्यावी, हवा तो बदल करावा आणि ‘हा तुमच्यात घ्या’ अशी विनंती पाठवावी. तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ती मी वाचायची, पटली तर मर्ज करायची, म्हणजे मूळ फाइलीत मिसळून टाकायची. मर्ज झालं की साइट आपोआप बदलते आणि त्या भागातल्या फोनांवर मेसेज जातो.

पटली की नाही हे मी कोण ठरवणार? त्यासाठी काका होते. आमच्या गल्लीत राहणारे निवृत्त चावीवाले. उभा जन्म त्यांनी वाल फिरवण्यात घालवला, आणि आता त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं गावभर चाव्या फिरवतात. कोणी बदल पाठवला की मी काकांना विचारायचे, काका त्या भागातल्या चावीवाल्याला फोन लावायचे, दहा मिनिटांत खरं-खोटं कळायचं. काकांनी आजतागायत ती साइट उघडलेली नाही. त्यांना लागत नाही.

बदल पाठवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीचे काकांना फोन करायचे. त्यातल्या एक मावशी होत्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि त्या घरातून त्यांच्या कडक भाकरी हॉटेलांना आणि लग्नघरांना जायच्या. मंडळाच्या हॉलमध्ये मी एकदा सगळ्यांना ही साइट दाखवत होते, तेव्हा मावशी पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. शेवटी उठून म्हणाल्या, “दरवेळी काकास्नी फोन कशाला? पेन्सिलीचं चित्र दाबून लिवायचंय एवढंच की. मीच लिवते.” मी त्यांना तिथल्या तिथे खातं काढून दिलं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि थोडा स्वतःचाही.

मग मला हाव सुटली. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना मेसेजऐवजी आवाजात सांगायची सोय करायची होती, आणि मला एकटीला ते झेपत नव्हतं. ऑक्टोबरात विद्यार्थ्यांचा एक ओपन सोर्स महोत्सव असतो. देशभरातली पोरं खुल्या प्रकल्पांना पुल रिक्वेस्टी पाठवतात, ठरावीक स्वीकारल्या गेल्या की टी-शर्ट आणि प्रमाणपत्र मिळतं. प्रकल्पाने आपण होऊन नाव नोंदवायचं असतं. मी नोंदवलं. चार हुशार पोरं मिळतील, आवाजाची सोय दिवाळीपर्यंत होईल, असा माझा हिशेब.

पहिल्या सकाळी चहाचा कप घेऊन बसले आणि कप तसाच राहिला. सत्तावीस विनंत्या. एकाने माहितीच्या पानावर ‘सुंदर’ हा शब्द घातला होता. दुसऱ्याने तो ‘अतिसुंदर’ केला होता. एकाने फाइलीच्या शेवटी एक रिकामी ओळ टाकली, आणि आणखी एकाने, त्याला बहुधा हे पाहवलं नसावं, ती काढायची विनंती केली. एकाने वेळापत्रकातले सगळे वार इंग्रजीत केले, म्हणजे साइट बंदच पडली असती. खाली मात्र यंत्राकडून लिहून घेतलेला लांबलचक मजकूर होता की या बदलामुळे प्रकल्पाची वाचनीयता, विश्वासार्हता आणि जागतिक पोच लक्षणीयरीत्या वाढेल. एका महाभागाने स्वयंसेवकांच्या यादीतलं काकांचं नाव खोडून तिथे स्वतःचं घातलं होतं.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “घाल की. उद्या चार वाजता वाल फिरवाय पाठव त्याला.”

दुसऱ्या दिवशी साठ. तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं. मी आधी सभ्यपणे वागले, हे नमूद करून ठेवते. प्रत्येकाला दोन ओळी लिहिल्या: आभार, पण या बदलाने कोणाला उपयोग होत नाही, करण्यासारख्या कामांची यादी इथे आहे. त्यावर उत्तरं आली: ‘मॅम प्लीज मर्ज’, ‘सिस्टर काइंडली मर्ज’, ‘कधी मर्ज होणार, शेवटची तारीख जवळ आली.’ एकाने तर मला ‘डिअर सर’ म्हणून माझ्याच प्रकल्पाचा उद्देश समजावून सांगितला. आवाजाच्या सोयीला कोणी हात लावला नाही. त्याला विचार करावा लागला असता.

यावर सरळ उपाय होते. महोत्सवातून नाव काढून घ्यायचं. किंवा हा कोड जिथे ठेवलाय त्या साइटवर एक बटण असतं, ते दाबलं की काही दिवस फक्त पूर्वी ज्यांचं काही स्वीकारलं गेलंय तेच लिहू शकतात. शांत, सभ्य, दोन मिनिटांचं काम. पण मला सभ्यपणा नको होता. मला मजा हवी होती.

शनिवारी दुपारी बसून मी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम. नवी विनंती आली की ती तीन गोष्टी बघायची: पाठवणाऱ्याचं आमच्याकडे पूर्वी काही मर्ज झालेलं नाही, बदल एकदोन ओळींचा आहे, आणि शीर्षक ‘अपडेट’ या शब्दाने सुरू होतं. पेन्सिलीचं चित्र दाबून बदल केला आणि शीर्षक स्वतः लिहिलं नाही, तर कोडची ती साइट आपणच ‘अपडेट’ आणि पुढे फाइलीचं नाव असं शीर्षक देते. टी-शर्टवाल्यांना शीर्षक लिहायचाही कंटाळा, त्यामुळे हे लक्षण हमखास. तिन्ही जुळलं की स्क्रिप्ट विनंती बंद करायची, तिच्यावर स्पॅमची चिठ्ठी लावायची, आणि खाली माझ्या नावाने एक उत्तर टाकायची. अशा दोन चिठ्ठ्या लागल्या की तो विद्यार्थी महोत्सवातून बाद, असा तिथला नियम.

उत्तरं मी स्वतः रचली होती. स्क्रिप्ट त्यातलं कुठलंही एक उचलायची.

‘टी-शर्ट दुकानात मिळतो. इथे पाणी मिळतं, तेही चार दिवसांनी.’

‘रिकाम्या ओळीबद्दल आभार. आमच्याकडे रिकामी भांडी पुष्कळ आहेत, ओळ नको.’

‘हजेरी लागली. बसा खाली.’

आणि मला सर्वात आवडलेलं: ‘आधी घरी एक हंडा भरून या, मग पाण्याविषयी बोलू.’

रविवारभर मी स्क्रीनसमोर बसून नुसती बघत होते. विनंती आली, बंद. आली, बंद. प्रत्येक टोमण्याला मी एकटीच हसत होते. इतकं समाधान मला पगारवाढीनेही दिलं नव्हतं. काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तीनचार बंद होताना बघितल्या आणि म्हणाले, “पोरी, वाल असा खाडकन बंद करत न्हाईत. हळूहळू फिरवायचा असतोय. एकदम दाबला की पाण्याला जायाला जागा ऱ्हात न्हाय, मग कुटंतरी लाइन फुटती.”

मी म्हटलं, “काका, ही पाइपलाइन नाही.”

“बरं,” काका म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

सोमवारी संध्याकाळी एक विनंती आली. पूर्वी काहीच मर्ज न झालेलं खातं, एक ओळ, शीर्षकाची सुरुवात ‘अपडेट’. त्या ओळीत एका भागाची वेळ बदलली होती: बुधवारी सकाळी सहाऐवजी मंगळवारी दुपारी दोन. स्क्रिप्टने ती बंद केली, चिठ्ठी लावली आणि हंड्याचं उत्तर टाकलं. ती मावशींची होती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पाठवलेली. त्यांच्या भागातल्या चावीवाल्याने भाजीच्या गाडीपाशी सांगितलं होतं की पाळी अलीकडे आलीय, आणि मावशींनी घरी जाऊन पेन्सिलीचं चित्र दाबलं होतं. त्यांच्याकडे त्या आठवड्यात टेंभुर्णीच्या एका साखरपुड्याची ऑर्डर होती, तीनशे भाकरी, गुरुवारी सकाळच्या एसटीने धाडायच्या. त्यांची टाकी तळाला गेली होती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी खाली मान घालून रोल नंबर मोजत होते.

कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की निम्म्या विनंत्यांत स्वयंसेवकांच्या यादीत एक नाव घातलंय आणि नावापुढे रोल नंबर आहे. एक ते बहात्तर, मधले तीन गैरहजर. त्यातल्या अकरा जणांनी स्वतःचं नावही घातलं नव्हतं, सगळ्यांनी एकच भलतंच नाव घातलं होतं. शोध घेतला तर ते नाव आमच्याच जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सरांचं निघालं. मी फोन केला. सर इतके आनंदले की मला रागवायला वेळ मिळेना. “मॅडम, तुमच्याच प्रकल्पावर प्रयोग ठेवलाय आम्ही. म्हटलं, परगावचं कशाला, आपल्या सोलापूरचं आहे. उद्या दुपारी या की, मुलं खूश होतील.”

मी गेले, मंगळवारी दुपारी. सरांनी मोठ्या मायेने सांगितलं: वर्षभराच्या जर्नलमध्ये प्रयोग क्रमांक सात, एक पुल रिक्वेस्ट पाठवणे. त्यासाठी त्यांनी स्वतः एक करून दाखवली, तिचं चित्रीकरण वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. आता जर्नल कसं पूर्ण होतं हे इंजिनिअरिंग केलेल्या कोणालाही विचारा. एक जण लिहितो आणि त्याची वही बहात्तर हातांतून फिरते, चुकांसकट. मीही तसंच केलं होतं. त्यामुळे सरांच्या चित्रीकरणात सरांचं नाव होतं म्हणून अकरा जणांनी सरांचंच नाव पाठवलं. त्यांनी फक्त परंपरा पाळली होती.

मी तोंडी परीक्षा घ्यायचं ठरवलं. रोल नंबर चौदाला उभं केलं.

“आमचा प्रकल्प कशाचा आहे?”

“पाण्याचा, मॅडम.”

“त्यात काय होतं?”

त्याने शेजाऱ्याकडे बघितलं. शेजारी म्हणाला, “पाणी येतं, मॅडम.”

“तुमच्या घरी कधी आलं शेवटचं?”

“हॉस्टेलला टँकर येतोय.”

वर्ग हसला, मीही हसले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मर्ज करा की. उद्या सबमिशन हाय. काय बी मर्ज करा.” मी तिला सांगितलं की ही फाइल वाचून माणसं नळ उघडतात, त्यात ‘काय बी’ मर्ज केलं की कोणाच्या तरी घरी हंडा रिकामा राहतो. फार छान बोलले मी. दोन वाजले होते, सरांनी टाळ्या वाजवल्या, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला मावशींच्या गल्लीत त्याच वेळी नळ वाहत होते. सर बिचारे ओशाळले, प्रयोग रद्द केला, मला शाल दिली. मी ती घेतली. विजयी मुद्रेने घरी आले आणि महोत्सवातून नावही काढून घेतलं.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास दार वाजलं. दारात मावशी. डोक्यावर चुंबळ, काखेत रिकामा हंडा, मागे रिक्षा, आणि रिक्षात आणखी दोन हंडे, एक पिंप आणि चार कॅन.

“मावशी? काय झालं?”

“काय न्हाय. तुमीच म्हणला होता, हंडा भरून या. माज्या घरात भरायला काय न्हाय, म्हटलं तुमच्यातला भरावा. तुमच्याकडं आज पाणी हाय न्हवं? साइटवर बगितलंय मी.”

मला काही उमजेना. त्यांनी फोन पुढे केला. त्यावर त्यांची ओळ, लाल रंगातलं बंद, स्पॅमची चिठ्ठी, आणि खाली माझ्या नावाने माझा लाडका टोमणा. मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना कान गरम झाले.

“तुम्हाला नाही लिहिलं हो ते मावशी. ते यंत्राने...”

“नाव तर तुमचंच हाय.”

“पण काल दोन वाजता पाणी आलं ना? तुम्हाला तर ठाऊक होतं.”

मावशींनी हंडा खाली ठेवला. “ठाऊक हुतं. पण तुमी बंद केलं. म्हटलं, ताईंनी काकास्नी इचारलं असंल, त्या चावीवाल्यानंच मला काय तरी येडंवाकडं सांगितलं असंल. शिकल्याली माणसं हायत, उगं बंद करतील व्हय? मग काल दुपारी चक्कीवर गेले. ज्वारी दळून आले तर गटार वाहतंय आणि नळ कोरडा. गल्लीतबी कोणी भरलं न्हाय, दुपारची सगळी कामावर. सगळी म्हणली, साइटवर बुधवार हाय. आज पाटे पाच वाजल्यापासनं सगळी नळाशी बसली हुती.”

मला खरंच रडू आलं. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं खरं या बाईने माझ्या एका वात्रट वाक्यापुढे खोटं मानलं होतं. त्यांनी भांडण केलं असतं तर सोपं गेलं असतं.

“पुढचं पाणी शनवारी. भाकरी उद्या सकाळी जायला पायजेत. जार इकत मिळतोय की,” मावशी म्हणाल्या, “पण म्हटलं बोलावणं आलंय, तर जावं.” आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तेव्हा मला कळलं की वात्रटपणात त्या माझ्या चार पावलं पुढे आहेत.

मी भरले. तिन्ही हंडे, पिंप, कॅन, आमच्या घरातल्या बादल्यासुद्धा. काका गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बघत होते. रिक्षात पिंप चढवताना त्यांनी एका बाजूने हात लावला आणि दुसऱ्या बाजूचा हात माझाच राहील याची काळजी घेतली. मी लॅपटॉप घेतला आणि मावशींबरोबर रिक्षात बसले, मांडीवर एक कॅन आणि पायांत दोन.

घरी गेल्यावर मावशींनी परात ओढली, चुलीवर आधण ठेवलं आणि मला समोर बसवलं. “आधी ते नीट करा.” मी स्क्रिप्ट तिथेच काढून टाकली. स्पॅमची चिठ्ठी काढली, त्यांची विनंती पुन्हा उघडली. काकांना फोन लावला, काकांनी त्या भागातल्या चावीवाल्याला, आणि दहा मिनिटांत उत्तर आलं: बाईंनी लिहिलंय ते बरोबर, आणि पुढची पाळी शनिवारी दुपारी दोन. मी ओळ दुरुस्त करायला लागले तर मावशी म्हणाल्या, “थांबा. तुमी न्हाय. मी.” पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी स्वतःच्या फोनवर पेन्सिलीचं चित्र दाबलं आणि मंगळवारच्या जागी शनिवार केला. दोन बोटांनी, सावकाश. वाचून बघितलं. पुन्हा वाचलं.

“आता हितं माज्या नावाखाली काय लिवणार तुमी?”

“चूक झाली, असं.”

“कुणाची?”

“माझी. चूक माझी झाली, तुमचं बरोबर होतं.”

“लिवा.”

मी लिहिलं. ते कोणालाही वाचता येण्यासारखं आहे, अजूनही आहे. रोल नंबर चौदाने त्यावर पसंतीचा अंगठा उमटवलाय. मग मी मर्ज दाबलं.

मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली, कडेने फडक्याने दाबत दाबत पातळ कडक केली आणि सुपात टाकली. पहिलीच. अजून दोनशे नव्व्याण्णव राहिल्या होत्या, आणि मला थापता येत नव्हत्या म्हणून माझ्याकडे फडकं आलं. चारपाच भाकरी झाल्या असतील, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाठोपाठ भिंतीपलीकडचा, मग समोरच्या घरातला. मेसेज गल्लीत पोचत होता. समोरच्या दारातून एक बाई डोकावली.

“मावशे, शनवारी दोनला हाय म्हणं पाणी. खरं असंल का?”

मावशींनी थापता थापता वर बघितलं. माझ्याकडे नाही, त्या बाईकडे.

“खरं हाय. भरून ठेव. मीच घातलंय ते.”